बॅन कायम ठेवायचा असेल तर अपीलला उत्तर कसं लिहावं: नव्या अ‍ॅडमिनसाठी

सोलापुरातल्या आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर नुकतेच दोन नवे अ‍ॅडमिन आले. खेळात दोघंही तरबेज. पण त्यांच्याकडे पहिलं अपील आलं तेव्हा एकाने "नियम म्हणजे नियम, बॅन राहणार" एवढी एक ओळ टाकली आणि तिकीट बंद केलं. पुढचे चार दिवस तो पोरगा वेगवेगळ्या आयडींनी आत शिरायला बघत होता, आणि आम्ही एकेक आयडी बंद करत बसलो. नंतर त्याच्याशी बोललो तेव्हा कळलं, की आपलं घर पाडून टाकलं असेल, एवढीच त्याला भीती होती. घर जागेवर आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. अपील फेटाळायचं असतं तेव्हाच उत्तर जास्त जपून लिहावं लागतं. बॅन उठवला तर दोन शब्दांतही काम भागतं. कसं लिहायचं ते मी एका खऱ्या प्रकरणावरून सांगतो. त्यातल्या खेळाडूचं नाव बदलून `khelyadu_21` केलंय.

अपील आलं की लगेच लिहायला बसू नका

प्रकरण एक्स-रेचं होतं. एक्स-रे म्हणजे असा मॉड किंवा टेक्स्चर पॅक, ज्यामुळे दगड पारदर्शक दिसतो आणि आत लपलेले हिरे थेट नजरेला पडतात. आमच्या सर्व्हरवर दुकानांची एक गल्ली आहे, पोरांनी तिला मंगळवार पेठ नाव दिलंय. तिथे सगळे व्यवहार हिऱ्यांत चालतात. एक मुलगी मागावर सोलापुरी चादरीच्या नक्षीचे झेंडे बनवते. एका झेंड्यावर ती चार-पाच पट्ट्यांचे थर चढवते आणि तो २ हिऱ्यांना विकते. १८ जानेवारीच्या रात्रीनंतर पेठेत एवढे हिरे आले, की दोन दिवसांत तिच्या झेंड्याला कुणी विचारेना, कारण शेजारच्या दुकानात तेवढ्याच हिऱ्यांना चांगली तलवार मिळायला लागली. एक्स-रेने कुणाचं काय बिघडतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

१९ तारखेला आमच्या एका अ‍ॅडमिनने `khelyadu_21` ला बॅन केलं. २० तारखेला अपील आलं. आमचा पहिला नियम असा, की ज्याने बॅन केलं त्याने अपीलचा निर्णय द्यायचा नाही. दोघंच अ‍ॅडमिन असाल तरी दुसऱ्याने बघायचं. ज्याने बॅन केलं त्याला आपलंच म्हणणं पुन्हा खरं वाटतं, त्यात त्याचा दोष नसतो. म्हणून हे अपील माझ्याकडे आलं. खेळाडूशी एक शब्द बोलण्याआधी मी नोंदी उघडल्या.

सर्व्हरवर कोअरप्रोटेक्ट प्लगइन असेल तर कुणी कुठला ब्लॉक फोडला आणि कुठला लावला, ते सगळं साठवलेलं असतं. मी या तीन कमांड चालवल्या:

```
/co lookup u:khelyadu_21 t:4d a:-block i:diamond_ore,deepslate_diamond_ore #count
/co lookup u:khelyadu_21 t:4d a:+block i:diamond_ore,deepslate_diamond_ore #count
/co lookup u:khelyadu_21 t:4d a:-block i:deepslate #count
```

पहिली कमांड हिऱ्याची खनिजं किती फोडली ते सांगते, दुसरी किती परत लावली, आणि तिसरी सोबत साधा डीपस्लेट किती फोडला. नवखे लोक दुसरी कमांड हमखास विसरतात. सिल्क टच लावलेल्या कुदळीने खनिज फोडलं तर हिरा पडत नाही, खनिजाचा अख्खा ब्लॉक हातात येतो. हुशार खेळाडू तो घरी नेऊन ठेवतो आणि पुढे फॉर्च्यून लावलेल्या कुदळीने फोडतो, म्हणजे एका खनिजातून जास्त हिरे निघतात. हे सगळं नियमात बसतं. पण नोंदीत तोच ब्लॉक दोनदा फोडलेला दिसतो, आणि सरळ खेळणारा माणूस विनाकारण चोर ठरतो. तसंच, त्याच्या पेटीतले हिरे मोजून काही कळत नाही, फॉर्च्यूनमुळे तो आकडा फुगतो. मोजायची ती खनिजं.

या प्रकरणात ७१ खनिजं फोडलेली निघाली आणि ६ परत लावलेली. म्हणजे खरी खनिजं ६५. साधा डीपस्लेट फोडलेला ६४०. त्या चार दिवसांत तो फक्त १८ तारखेच्या रात्री, ९ वाजून १० मिनिटांपासून सव्वाअकरापर्यंत खाणीत होता. त्याच आठवड्यात, त्याच खोलीवर खणणाऱ्या आमच्याच तीन खेळाडूंच्या नोंदी मी शेजारी ठेवल्या. त्या तिघांनाही एका खनिजामागे शंभराहून जास्त दगड फोडावे लागले होते. याला लागले दहा.

तरीही आकड्यावर थांबू नका. मोठी गुहा सापडली तर भिंतीतली खनिजं उघडीच दिसतात आणि दगड कमी फोडावा लागतो. म्हणून स्पेक्टेटर मोडमध्ये जागेवर जाऊन बघा. मी गेलो. गुहा नव्हती, त्याने स्वतः खणलेला बोगदा होता. नऊ ब्लॉक सरळ, मग एकदम डावीकडे, तीन पायऱ्या तिरकं खाली, तिथे चार खनिजांचा झुपका काढलेला, आणि पुन्हा वळण. प्रत्येक वळणाच्या टोकाला हिरा, रिकामं टोक एकही नाही. वाटेत भिंतीतलं रेडस्टोन तसंच सोडलेलं. अख्ख्या बोगद्यात एकही मशाल नव्हती. मशाल नसणं एकट्याने काही सिद्ध करत नाही, काही पोरं स्क्रीनचा उजेड वाढवून खेळतात. पण सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्यावर मला शंका उरली नाही. शंका उरली असती तर मी बॅन उठवला असता. पुरावा अर्धा असताना "बघू पुढे" म्हणत कुणाला बाहेर ठेवू नका.

अपीलमधला एकेक मुद्दा वेगळा काढा

त्याचं अपील असं होतं:

"दादा मी एक्स-रे वापरलं नाय. त्या रात्री माझा लहान भाऊ खेळत होता. आणि हिरे नशिबानं पण मिळतात की. माझ्या चुलतभावाचा आयडी पण बंद झालाय, त्यानं काय केलं? प्लीज बॅन काढा."

हे वाचून आपण "नेहमीचंच रडगाणं" म्हणून मोकळे होतो. पण यात चार वेगवेगळे मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला उत्तर लागतं. एकाला जरी उत्तर दिलं नाही, तर पोरगा तेवढाच धरून बसतो. "माझं ऐकूनच घेतलं नाय" म्हणतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

एक्स-रे आणि नशीब, या दोन मुद्द्यांची उत्तरं नोंदींत मिळाली होती. भावाच्या मुद्द्यासाठी मी सर्व्हरच्या `logs` फोल्डरमधली त्या दिवसाची फाइल उघडली. खणणं चालू असतानाच, त्याच आयडीवरून चॅटमध्ये तो आपल्या घराच्या छपराचा रंग ठरवत होता, आदल्या दिवशीचं अर्धवट बोलणं पुढे नेत. भाऊ खेळत होता हे पटण्यासारखं नव्हतं. पण लहान भाऊ शेजारी बसून अधूनमधून कीबोर्ड घेत असेल, हे मी नाकारू शकत नाही. म्हणून उत्तरात मी त्याला खोटारडा म्हटलं नाही, आयडीची जबाबदारी कुणाची एवढंच सांगितलं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. आमच्या सर्व्हरवर `online-mode=true` आहे, म्हणजे विकत घेतलेल्या खात्याशिवाय आत येता येत नाही आणि बॅन खात्याच्या कायमच्या ओळखक्रमांकावर बसतो. नाव बदललं तरी तो सुटत नाही. तुमच्याकडे `online-mode=false` असेल तर कुणीही कुणाचंही नाव टाकून आत येऊ शकतो. अशा सर्व्हरवर "माझ्या नावाने दुसराच आला होता" हा दावा खरा असू शकतो. लॉगिनच्या पासवर्डचं प्लगइन आहे का आणि त्या वेळी कुठल्या आयपीवरून प्रवेश झाला, हे तपासल्याशिवाय तो उडवून लावू नका.

चौथा मुद्दा चुलतभावाचा, आणि तिथे आम्हीच चुकलो होतो. बॅन करताना आमच्या अ‍ॅडमिनने `/ban` सोबत `/ban-ip` पण चालवलं होतं. दोन्ही घरं एकाच वाड्यात, वायफाय एकच. चुलतभाऊ विनाकारण बाहेर पडला. मोबाइल नेटवर तर एकच आयपी एका वेळी कितीतरी अनोळखी लोकांत वाटलेला असतो आणि तो बदलतही राहतो. त्यामुळे आयपी बंद केल्याने दोषी माणूस उद्या आत येतो आणि भलताच कुणीतरी अडकतो. मी उत्तर लिहिण्याआधीच `/pardon-ip` चालवलं. आपली चूक दिसली तर आधी ती दुरुस्त करा, मग लिहा. "दुरुस्त करू" आणि "दुरुस्त केली" यातला फरक समोरच्याला लगेच कळतो.

आम्ही पाठवलेलं उत्तर

२२ जानेवारीला पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं देतो.

"नमस्कार,

तुझं २० जानेवारीचं अपील मिळालं. तुला बॅन करणारा अ‍ॅडमिन वेगळा होता. मी नोंदी पहिल्यापासून स्वतः तपासल्या आणि बोगद्यात जाऊन आलो. तुझा बॅन सध्या कायम राहील.

कारण असं: १८ जानेवारीला रात्री ९.१० ते ११.१५ या वेळेत तुझ्या आयडीवरून हिऱ्याची ६५ खनिजं निघाली आणि सोबत फक्त ६४० दगड फुटले. परत लावलेली ६ खनिजं मी यातून वजा केली आहेत. बोगद्याचं प्रत्येक वळण हिऱ्यावर जाऊन संपतं, रिकामं एकही नाही. नशिबाने एखादा मोठा झुपका सापडतो, पण दोन तास प्रत्येक वळणावर सापडत नाही.

भाऊ खेळत होता असं तू लिहिलंस. त्या वेळात तुझ्या आयडीवरून चॅटही चालू होतं. तू खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही. पण आयडीवर जे होतं त्याची जबाबदारी आयडीच्या मालकाची, हा आपला नियम ३ आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लागतो.

चुलतभावाबद्दल तुझं बरोबर आहे. आम्ही आयपी बंद केला, ते चुकलं. तो आज सकाळी उघडला आहे. त्याला आत येता येईल. आमच्याकडून त्याला सॉरी सांग, मीही सांगेन.

तुझं घर, शेत आणि पेट्या जशाच्या तशा आहेत. फक्त त्या रात्रीचे हिरे काढून घेतले आहेत. बॅन असेपर्यंत तुझ्या जागेला कुणी हात लावणार नाही.

२० मार्चपासून तू फेरविचार मागू शकतोस. याच तिकिटात लिही. फेरविचार मी करणार नाही आणि बॅन करणारा अ‍ॅडमिनही नाही, तिसरा अ‍ॅडमिन करेल. तो दोन गोष्टी बघेल: त्या रात्री काय झालं ते तू तुझ्या शब्दांत लिहिलंस का, आणि तोवर दुसऱ्या आयडीने आत आलास का. त्याआधी तुझ्याकडे त्या रात्रीचं स्क्रीन रेकॉर्डिंग असेल, किंवा आमच्या नोंदीतली चूक दाखवता येत असेल, तर २० मार्चची वाट बघू नकोस, लगेच पाठव.

काही समजलं नसेल तर इथेच विचार."

यातल्या काही ओळी अशा का आहेत

निर्णय पहिल्याच परिच्छेदात दिला आहे. पोरगा तिकीट उघडतो तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी असते: उठला की नाही. ती शेवटी ठेवली तर मधलं काही तो वाचत नाही.

"सध्या" हा शब्द जपून वापरा. फेरविचाराची तारीख खरोखर देणार असाल तरच लिहा. तारीख न देता "सध्या" लिहिलं तर पोरगा रोज विचारत राहतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

तू की तुम्ही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ज्याच्याशी रोज "का बे, कुठं हाईस" असं बोलतो त्याला एकदम "आपण" म्हटलं तर त्याला ते टोमण्यासारखं वाटतं. म्हणून ओळखीच्याला "तू" ठेवा, फक्त "बे" काढा. सोलापुरात "बे" शिवी नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण हेच उत्तर त्याची आई वाचू शकते आणि बाहेरगावचा खेळाडूही वाचू शकतो. वय माहीत नसेल तर "तुम्ही". आमच्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी बरीच मुलं आहेत, म्हणून वाक्यं छोटी ठेवतो आणि "निदर्शनास आले" असलं कचेरीतलं मराठी टाळतो.

किती सांगायचं याला मर्यादा आहे. तारीख, वेळ, आकडे, बोगद्याचा आकार, हे सगळं सांगा, कारण ते त्याच्याच कृतीबद्दल आहे. तक्रार कुणी केली ते कधीही सांगू नका. आमच्या प्रकरणात झेंडेवालीचं नाव त्याला कळलं असतं तर शाळेत तिला त्रास झाला असता. पकडण्यासाठी कुठलं प्लगइन कसं लावलं आहे तेही लिहू नका. पुढचा माणूस त्याच्या एक पायरी खाली राहून खेळेल.

फेरविचाराची वाट खरी असली पाहिजे

साठ दिवस का? आमचा अनुभव असा, की पंधरा दिवस ठेवले तर पोरं फक्त दिवस मोजतात, आणि सहा महिने ठेवले तर दुसऱ्या सर्व्हरवर निघून जातात किंवा नवा आयडी काढतात. तुमचा आकडा वेगळा असू शकतो. पण तो आधीच नियमांत लिहून ठेवा, चेहरा बघून ठरवू नका.

अटी अशा ठेवा, की त्या पाळल्या की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता येईल. "वागणूक सुधारली पाहिजे" ही अट होत नाही, कारण बाहेर असलेला माणूस वागणूक दाखवणार कुठे? "दुसऱ्या आयडीने आत आला नाही" हे नोंदीत दिसतं. काय झालं ते स्वतः लिहायचं, ही अट मी आग्रहाने ठेवतो. माफीची मोठी भाषा नको असते, दोन ओळी चालतात. मात्र कबुली दिली तरच बॅन उठेल, असं लिहू नका. ज्याने खरंच केलं नाही त्याला खोटं कबूल करावं लागेल. त्याच्यासाठी पुराव्याची वाट वेगळी ठेवा, आणि तिला तारखेचं बंधन घालू नका.

बॅन करतानाच कारणात अपीलची जागा लिहिली तर आत यायचा प्रयत्न करणाऱ्याला स्क्रीनवर ती दिसते:

```
/ban khelyadu_21 X-ray, 18 Jan. Appeal: Discord ticket
```

साधा `/ban` मुदतीचा नसतो. `banned-players.json` फाइलमध्ये त्याच्यापुढे `"expires": "forever"` असंच लिहिलं जातं. म्हणजे २० मार्च सर्व्हरला माहीत नाही, ती तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते.

पाठवल्यानंतर

पहिलं प्रत्युत्तर बहुतेक वेळा रागाचं असतं. या पोरानेही "तुम्ही मोठे लोक काय पण करा" असं लिहिलं. त्याला लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकदाच लिहिलं: "राग आला हे समजतं. नोंदीबद्दल प्रश्न असेल तर विचार, तारीख तीच राहील." पुन्हा वाद घातला तर नवं कारण देत बसू नका. प्रत्येक नव्या उत्तराबरोबर तुम्ही एखादा नवा शब्द वापरता आणि वाद त्या शब्दावर सुरू होतो. तीन दिवसांनी त्याने विचारलं, "घर खरंच आहे का?" मी घराचा फोटो काढून पाठवला. रात्रीचा होता, खिडकीत दिवा लागलेला. त्यानंतर त्याने दुसऱ्या आयडीने आत यायचा प्रयत्न केला नाही.

व्हॉइस चॅटवर बोलणं झालं तरी निर्णय लेखीच ठेवा. तिसऱ्या अ‍ॅडमिनला मार्चमध्ये तेच वाचायचं असतं. तिकिटाशेजारी आम्ही चार ओळींची नोंद ठेवतो: बॅन कुणी केला, अपील कुणी बघितलं, आकडे काय होते, फेरविचार कुणाकडे आणि कधी. त्या फाइलमध्ये बोगद्याचे दोन स्क्रीनशॉट पण टाका, कारण पुढे कुणी तिथे खणलं तर जागा बदलून जाते.

आणि एक बंधन आम्ही स्वतःवर घातलंय. त्याने वेळेत फेरविचार मागितला आणि आम्ही सात दिवसांत उत्तर दिलं नाही, तर आठव्या दिवशी कुणीही अ‍ॅडमिन `/pardon khelyadu_21` चालवू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही. हा नियम त्याच्या तिकिटातही लिहिलेला आहे, त्यालाही दिसेल असा.